पावसानंतर सेट-टॉप बॉक्सवर सिग्नल नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोराचा पाऊस सुरू झाला की सिग्नल जातो आणि थांबला की येतो. हा बिघाड आहे का?

नाही. गच्चीवरच्या डिश अँटेनावर, म्हणजे छत्रीवर, उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. पावसाचे मोठे थेंब या लहरी शोषतात आणि इकडेतिकडे विखुरतात. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतो, त्यामुळे तिथून येणारा सिग्नल मुळातच क्षीण असतो. दाट पावसाचा पट्टा मधे आला की उरलंसुरलं बळही जातं. डिजिटल चित्र जुन्या अँटेनासारखं हळूहळू मुंग्या येत बिघडत नाही. ते आधी चौकोन चौकोन होऊन फाटतं आणि लगेच पूर्ण जातं.

सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चित्र आपोआप परत आलं तर काहीही उघडू नका. मात्र साध्या रिमझिमीतही चित्र जात असेल तर तुमच्या जोडणीत आधीपासूनच कुठेतरी गळती आहे, आणि पाऊस फक्त ती उघडी पाडतोय.

पाऊस थांबून अर्धा-पाऊण तास झाला, आकाश मोकळं आहे, तरी चित्र नाही. सुरुवात कुठून करू?

आधी संदेश कोण दाखवतंय ते बघा. टीव्हीच्या स्वतःच्या पडद्यावर `No Signal` तरंगत असेल आणि रिमोटचं मेनू बटण दाबूनही बॉक्सचा मेनू उघडत नसेल, तर पावसाचा संबंध नाही. बॉक्स बंद आहे, एचडीएमआयची वायर सैल आहे किंवा टीव्ही दुसऱ्याच इनपुटवर गेलाय. बॉक्सचा मेनू नीट उघडतो आणि संदेश त्या बॉक्सच्याच ढंगाचा आहे, तर मग बिघाड छत्रीपासून बॉक्सपर्यंतच्या वाटेवर आहे.

आता काहीही हलवण्याआधी मेनूतून सिग्नलचे दोन आकडे वाचा आणि कागदावर लिहा. बहुतेक बॉक्समध्ये ते सेटिंग किंवा इन्स्टॉलेशनच्या खाली, सिग्नल टेस्ट अशा नावाने मिळतात. लोक आधी वायरी काढतात, छत्री ढकलतात, रीसेट मारतात आणि मग आकडे बघतात. तोवर मूळ बिघाडाची खूण पुसली गेलेली असते. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे: आधी आकडे, मग हात.

`Signal Strength` आणि `Signal Quality` यांत फरक काय?

सगळा घोळ इथेच होतो. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ताकद पोचतेय ते. त्यात कामाचा सिग्नल किती आणि निरुपयोगी खरखर किती, हे त्या आकड्याला कळत नाही. छत्रीच्या पुढे जो छोटा डबा असतो, एलएनबी, तो आलेल्या लहरी प्रचंड वाढवतो, आणि वाढवताना स्वतःची खरखरही मिसळतो. म्हणून छत्री चुकून रिकाम्या आकाशाकडे वळली, तरी एलएनबी चालू असेल तर स्ट्रेंग्थ भरपूर दिसू शकते.

क्वालिटी म्हणजे त्या ताकदीतून बॉक्सला प्रत्यक्ष किती माहिती बिनचूक वाचता येतेय ते. चित्र दिसणं न दिसणं हे क्वालिटीवर ठरतं. स्ट्रेंग्थ 80 आणि क्वालिटी शून्य असताना पडदा काळाच राहणार. उलट स्ट्रेंग्थ 55 आणि क्वालिटी 65 असताना चित्र अगदी स्वच्छ दिसू शकतं. म्हणून ‘स्ट्रेंग्थ तर फुल आहे, मग बॉक्सच गेला असणार’ हा निष्कर्ष सहसा चुकतो.

मग किती आकडा चांगला म्हणायचा?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. हे टक्के प्रत्येक बॉक्स बनवणारा आपल्या मोजपट्टीने ठरवतो, त्यामुळे शेजारच्या बॉक्सवरचे 90 आणि तुमच्यावरचे 70 यांची तुलना होत नाही. तुलना तुमच्याच बॉक्सच्या कोरड्या दिवसाच्या आकड्यांशी करायची. आकाश निरभ्र असताना दोन-तीन वेगवेगळ्या चॅनेलवर किंवा ट्रान्सपाँडरवर, म्हणजे चॅनेलचा एकेक गट पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्रावर, आकडे घ्या आणि बॉक्सच्या पोटाला चिठ्ठी चिकटवून ठेवा. त्या चिठ्ठीशिवाय पावसानंतरचा आकडा वाचणं म्हणजे नेहमीचं वजन माहीत नसताना वजन घटलं का ते विचारणं.

आकड्यांवरून बिघाड कुठे आहे हे कसं ओळखायचं?

दोन्ही आकडे शून्य किंवा तळाला गेले असतील, तर एलएनबीला वीजच पोचत नाहीये किंवा त्याचा सिग्नल खाली येत नाहीये. एलएनबीला वेगळी वायर नसते. बॉक्स त्याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट वर पाठवतो. केबल तुटली, कनेक्टर निसटला, मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना चिकटली, किंवा एलएनबीत पाणी जाऊन तो गेला, तर असं होतं. एक सावधगिरी: काही बॉक्स केबल पूर्ण काढली तरी थोडी स्ट्रेंग्थ दाखवतात. तुमचा बॉक्स रिकामा असताना काय दाखवतो ते एकदा बघून ठेवा.

स्ट्रेंग्थ नेहमीसारखी आणि सगळ्याच चॅनेलवर क्वालिटी शून्य, तर छत्री वाऱ्याने हलल्याचा संशय पहिला.

दोन्ही आकडे बऱ्यापैकी खाली आलेत आणि क्वालिटी सारखी वरखाली नाचतेय, तर केबलमध्ये किंवा जोडात पाणी आहे असं धरून चाला. पाणी वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त खातं, म्हणून अशा वेळी काही चॅनेल आधी जातात, काही टिकून राहतात.

पावसानंतर अर्धे चॅनेल दिसतात आणि अर्धे नाहीत, असं का?

यात लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून माझ्याच घरचा प्रसंग सविस्तर सांगतो.

तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या सकाळी लख्ख ऊन पडलं, पण निम्मे चॅनेल काळे. चिठ्ठीवर कोरड्या दिवसाचे आकडे होते 82 आणि 75. दिसणाऱ्या चॅनेलवर 76 आणि 68 मिळाले, म्हणजे थोडी घट. न दिसणाऱ्यांवर स्ट्रेंग्थ 71, क्वालिटी सरळ शून्य. सिग्नल टेस्टच्या पानावर ट्रान्सपाँडरच्या फ्रिक्वेन्सीपुढे `V` किंवा `H` लिहिलेलं असतं. सगळे दिसणारे `V` निघाले, सगळे न दिसणारे `H`. छत्री हलली असती तर दोन्हींना सारखाच फटका बसला असता, म्हणून छत्रीला मी हातच लावला नाही.

झालं होतं असं. बॉक्स 13 व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या, म्हणजे `V` लहरी पकडतो, 18 पाठवतो तेव्हा आडव्या, म्हणजे `H`. आपल्याला काय सांगितलंय हे एलएनबी व्होल्टेज बघूनच ठरवतो, आणि त्याची सीमारेषा साधारण 15 च्या आसपास असते. आता समजा गंजलेल्या जोडात 20 ओहमचा अडथळा तयार झाला आणि एलएनबी 150 मिलिअँपिअर करंट ओढतोय. 0.15 गुणिले 20 म्हणजे 3 व्होल्ट वाटेतच गळाले. वर 18 ऐवजी 15 पोचले. एलएनबीला वाटलं अजून उभ्याच लहरी हव्यात, आणि तो त्याच पाठवत राहिला. बॉक्सला ताकद मिळत होती, म्हणून स्ट्रेंग्थ ठीक. पण मागितलं एक आणि मिळालं दुसरं, म्हणून क्वालिटी शून्य.

इथे मल्टिमीटर फसवू शकतो. केबल एलएनबीपासून काढून तिच्या टोकाला व्होल्टेज मोजलं तर पूर्ण 18 दिसतात, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतच नाही. मीही आधी तेच केलं आणि जोड चांगलाच आहे असं समजून अर्धा तास बॉक्समागे घालवला. नंतर बॉक्स बंद केला, केबलची दोन्ही टोकं मोकळी केली आणि मधली तार व जाळी यांच्यात ओहम मोजले. चांगल्या केबलमध्ये तिथे काहीच वाहता कामा नये. माझ्या केबलने काही किलोओहम दाखवले. म्हणजे आत ओल होती.

एलएनबीकडचा कनेक्टर उघडला. मधल्या तारेवर हिरवट थर होता आणि जाळीच्या चंदेरी तारांची पांढरी भुकटी झालेली. केबल उलटी धरून झटकली तर तीन-चार थेंब पडले. 15 सेंटिमीटर कापलं, तरी जाळी काळपट. आणखी 20 कापलं तेव्हा चमकणारी तार लागली. नवा कनेक्टर बसवला, आकडे 81 आणि 74, `H` आणि `V` दोन्हींवर.

पाणी केबलच्या आत शिरतं कुठून?

बहुतेक वेळा एलएनबीकडच्या कनेक्टरमधून. तो उघड्यावर असतो आणि त्याची आटे असलेली टोपी जलरोधक नसते. एकदा आत गेलं की जाळीच्या तारा वातीसारखं पाणी ओढतात आणि ते उतारावर खाली खाली जातं. म्हणूनच टोक पुसून भागत नाही. दुसरी जागा म्हणजे वरचं काळं आवरण: उन्हाने तडकलेलं, पत्र्याच्या कडेवर घासलेलं किंवा खिळ्याखाली चेपलेलं. तिसरी जागा एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची झाकणी. वर्षानुवर्षं उन्हात राहून ती ठिसूळ होते आणि केसाएवढी चीर पडते. हलवल्यावर एलएनबीत पाणी डुचमळताना ऐकू आलं तर तो वाळवून वापरू नका, बदला.

केबल भिंतीतून घरात शिरते तिथे तिला आधी खाली झोळ द्यायला हवा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. एलएनबीजवळही तसाच छोटा झोळ ठेवा. हा झोळ नसेल तर केबलवरून ओघळणारं पाणी थेट कनेक्टरमध्ये किंवा बॉक्सच्या पाठीत जातं.

कनेक्टर नव्याने कसा बसवायचा?

पहिली अट म्हणजे बॉक्स भिंतीवरच्या स्विचपासून बंद. नुसतं रिमोटने बंद केलेल्या बॉक्समधूनही केबलवर व्होल्टेज येत असू शकतं, आणि काढता-घालताना मधली तार जाळीला टेकली तर बॉक्समधला पुरवठ्याचा भाग जाऊ शकतो.

गच्ची ओली असेल, आकाशात वीज चमकत असेल किंवा छत्रीचा खांब विजेच्या तारांजवळ असेल, तर वर जाऊच नका. एक दिवस टीव्ही नाही दिसला तर चालतं.

केबल स्वच्छ तार लागेपर्यंत कापा. बाहेरचं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला, आतल्या तांबूस तारेवर ओरखडा पडू देऊ नका. अनेक केबलमध्ये ती तार आतून पोलादाची असते आणि वर फक्त तांब्याचा मुलामा असतो. मुलामा खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. जाळी मागे आवरणावर दुमडा. तिचा एकही धागा मधल्या तारेकडे वळता कामा नये. सुटलेला एक केसासारखा धागा आख्खी जोडणी शॉर्ट करतो. मग पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीवर येईल असं कापा आणि कनेक्टर घट्ट दाबून किंवा पिळून बसवा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावली पाहिजे. कमी असेल तर एलएनबीच्या आत टेकत नाही.

हाताने घट्ट करून पान्याने अगदी किंचित आवळा. वरून स्वतःशीच चिकटणारा रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा. खालून वर अशासाठी की प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा चढतो आणि पाणी बाहेरून घसरून जातं. साधा वायरिंगचा टेप उन्हाने सुटतो आणि उलट आत ओल धरून ठेवतो.

गंज पुसून जुनाच कनेक्टर लावला तर?

आठ-पंधरा दिवस चालेल, पुढच्या सरीला पुन्हा जाईल. कनेक्टर ही सर्वांत स्वस्तातली वस्तू आहे, ती वाचवू नका.

छत्री हलली आहे हे कसं कळेल?

खांबाला हात लावून बघा. खांब किंवा छत्रीची पकड हलत असेल तर उत्तर मिळालं. पकडीच्या पट्टीखाली रंगाची जुनी रेघ आणि आताची जागा यांत फट दिसते का ते बघा. 60 सेंटिमीटरची छत्री एक अंश झुकली तर तिची वरची आणि खालची कड यांत जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक पडतो, डोळ्यांना तो कळतही नाही. एवढ्या चुकीने कोरड्या दिवशी चित्र जात नाही, पण पावसासाठी राखून ठेवलेलं बळ खर्ची पडतं. दोन-तीन अंश हलली की मात्र सगळंच जातं.

स्वतः फिरवायची असेल तर आधी आताच्या जागेवर पेन्सिलने खूण करा, एक जण पडद्यासमोर बसवा, आणि एका वेळी एकच दिशा, केसाएवढी हलवून पाच-सहा सेकंद थांबा. आकडा लगेच बदलत नाही, आणि थांबलं नाही तर योग्य जागा मागे पडते. बघायची क्वालिटी, स्ट्रेंग्थ नाही.

बॉक्स नीट रीसेट कसा करायचा?

वायरी आणि आकडे तपासून झाल्यावर. रिमोटचं लाल बटण म्हणजे रीसेट नव्हे, त्याने बॉक्स फक्त डुलकी घेतो.

भिंतीवरचा स्विच बंद करा आणि बॉक्सची पॉवर पिनही काढा. दोन मिनिटं थांबा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरते आणि ट्यूनर खरोखर नव्याने सुरू होतो. त्या वेळात बॉक्समागची केबल काढून मधली तार सरळ आहे का बघा आणि परत आवळा. व्ह्यूइंग कार्ड असेल तर काढून कोरड्या मऊ कपड्याने पुसून घाला. आधी केबल, मग पॉवर, हा क्रम पाळा. सुरू झाल्यावर चार-पाच मिनिटं रिमोटला हात लावू नका. पडद्यावर अपडेटची पट्टी चालू असेल तर ती संपेपर्यंत वीज अजिबात बंद करू नका, अर्धवट अपडेटने बॉक्स कायमचा अडकू शकतो.

आणि फॅक्टरी रीसेट?

सिग्नल नसताना कधीही नाही. फॅक्टरी रीसेट चॅनेलची यादी आणि अनेक बॉक्समध्ये उपग्रहाची सेटिंगही पुसतो. ती परत भरायला बॉक्सला सिग्नलच लागतो. सिग्नल नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून केबल दुरुस्त झाली तरी चित्र नाही, अशी दुहेरी अडचण होते. एलएनबीचा प्रकार किंवा त्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा बदलणारी 22 किलोहर्ट्झची सेटिंग चुकीची निवडली गेली तर आकडेही विश्वासार्ह राहत नाहीत. क्वालिटी परत आली आहे पण चॅनेल गोंधळलेत, एवढ्याच वेळी तो वापरा.

आकडे उत्तम आहेत, पण चॅनेलवर सदस्यत्वाचा संदेश येतो. हे पावसामुळेच का?

अप्रत्यक्षपणे, हो. चॅनेल उघडण्याची परवानगी सिग्नलमधूनच येते. बॉक्स बरेच दिवस सिग्नलविना राहिला की ती शिळी होते. बॉक्स एखाद्या चॅनेलवर चालू ठेवा आणि कंपनीकडे रिफ्रेश मागा. बॉक्स बंद ठेवून मागितलेला रिफ्रेश वाया जातो.

माझ्याकडे छत्री नाही, केबलवाल्याचं कनेक्शन आहे.

मग पावसाने आकाशातला सिग्नल अडत नाही, पण खांबावरचे जोड, स्प्लिटर आणि अ‍ॅम्प्लिफायर भिजतात. आधी शेजाऱ्यांकडे चित्र आहे का विचारा. सगळ्यांचं गेलं असेल तर घरात काही उघडू नका. फक्त तुमचं गेलं असेल तर घराबाहेरचा शेवटचा जोड आणि स्प्लिटर बघा. पाणी आणि गंज तिथेही अगदी असेच वागतात. त्या केबलवर एलएनबीची वीज नसते, म्हणून `H` आणि `V` ची गोष्ट इथे लागू नाही.

तंत्रज्ञाला बोलावताना काय सांगू?

‘टीव्ही लागत नाही’ असं नको. कोरड्या दिवसाचे आकडे, आताचे आकडे, कोणते ट्रान्सपाँडर गेले, आणि पाऊस थांबून किती वेळ झाला, एवढं सांगा. त्यावरून तो एलएनबी, कनेक्टर की केबलचं नवं वेटोळं घेऊन यायचं ते घरूनच ठरवतो. तो आल्यावर जुना कनेक्टर तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि कापलेलं टोक हातात घेऊन बघा. जाळी शेवटच्या कापापर्यंत चमकते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काळपट असेल तर आणखी कापायला लावा, केबल पुरत नसेल तर नवी टाकायला सांगा. आणि तो निघण्याआधी नवे आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या.